तयार फराळ घेताना: चकली सुटी, शंकरपाळी पाकिटातली, करंजी ऑर्डरची

दिवाळीचा फराळ विकत घेताना बहुतेक घरांत एकच दुकान ठरलेले असते आणि तिथूनच सगळे जिन्नस उचलले जातात. माझ्या मते ही पद्धत बदलावी, कारण चकली, शंकरपाळी आणि करंजी हे तिन्ही पदार्थ वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि ती कारणे ओळखण्याची सोयही प्रत्येक ठिकाणी सारखी नसते.

चकलीत सगळी परीक्षा तेलाची असते. तिला काटे असल्यामुळे तेल धरून ठेवायला भरपूर पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे कढईतल्या तेलाचा दोष तिच्यात सर्वांत आधी उतरतो. मिठाईच्या दुकानात सुटी चकली मिळत असेल, तर एक मागून घ्यावी, मोडावी आणि वरून नव्हे, तर मोडलेल्या तुकड्याचा वास घ्यावा. ताज्या तेलातल्या चकलीला भाजणीचा, जिऱ्या-धण्याचा आणि तिळाचा वास येतो; जुन्या तेलातल्या चकलीला जुन्या रंगासारखा किंवा खवट शेंगदाण्यासारखा वास येतो आणि गिळल्यावर घशाशी किंचित खरखर राहते. दुसरी खूण बोटांवर मिळते. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल दाट आणि चिकट होते, पदार्थातून नीट निथळत नाही, आणि म्हणून बोटांना नुसता ओशटपणा न लागता चिकटपणा जाणवतो. निव्वळ रंगावर मात्र विसंबू नये, कारण तिखट, हळद आणि भाजणीतल्या डाळींमुळेही चकली गडद दिसते. तसेच मऊ पडलेली चकली आणि खवट चकली यांत गल्लत करू नये: मऊपणा हवेतल्या दमटपणामुळे येतो व मंद आचेवर गरम केल्यास बराचसा जातो, खवटपणा मात्र कशानेही जात नाही.

तळणाच्या तेलात वारंवार तापवण्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. ग्राहकाला दुकानात हे मोजता येत नाही, म्हणून नाक आणि बोटे हीच साधने उरतात. आणि ती बंद पाकिटावर चालत नाहीत. पाकिटातली चकली नायट्रोजन भरलेली असेल तर ती टिकते खरी, पण मुळात ती कोणत्या तेलात तळली गेली, हे पाकीट उघडेपर्यंत कळत नाही. शिवाय घटकांच्या यादीत पहिले नाव तांदळाच्या पिठाचे आणि दुसरे पामतेलाचे असेल, डाळींचा मागमूस नसेल, तर पाकिटावर 'भाजणी' कितीही ठळक छापलेले असले तरी ती भाजणीची चकली नव्हे.

शंकरपाळीच्या बाबतीत हाच हिशोब उलटा होतो. तिची चव मैदा, साखर आणि मोहन यांवर अवलंबून असते, आणि मोहन तुपाचे आहे की वनस्पतीचे, हा प्रश्न साखरेमुळे जिभेला सहज सुटत नाही. सुट्या मालाला यादी नसते. दुकानदार 'साजूक तूप' म्हणाला की संवाद संपतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे 'मैदा, साखर, खाद्य वनस्पती फॅट, तूप' अशी यादी दिसली, तर तूप चौथ्या क्रमांकावर, म्हणजे बहुधा वासापुरते आहे, हे सरळ वाचता येते. 'आयएनएस ३१९' हा आकडा आढळला, तर तो तेल-तूप लवकर खवट होऊ नये म्हणून घातलेल्या पदार्थाचा असतो. तो परवानगी असलेलाच आहे, मात्र माल बरेच दिवस टिकवायचा बेत आहे, हे त्यावरून समजते. सुटी शंकरपाळी घ्यायचीच असेल, तर खाल्ल्यावर टाळ्याला मेणासारखा थर बसतो का, ते पाहावे. वनस्पतीची ती बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे.

करंजी दोन्हीकडून टाळावी, असे माझे मत आहे. तिचा दोष पारीत नसून सारणात असतो, आणि सारण बंद असते. सुक्या खोबऱ्यात भरपूर तेल असते व किसल्यावर त्याला हवा लागते, त्यामुळे तळणाचे तेल उत्तम असूनही आतले खोबरे खवट निघू शकते. ओल्या नारळाची करंजी तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापलीकडे नेऊच नये. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या काकूंना मात्र खोबरे कधी किसले, भाजले का, तळण कोणत्या दिवशी आहे, हे विचारता येते आणि आदल्या दिवशीचा माल मिळवता येतो. त्यांचा दर किलोमागे जास्त असतो, पण करंजी मोजकीच लागते.

फराळ परदेशी पाठवायचा असेल, तर पार्सल पोचायचे दिवस आणि नंतर खाण्याचे दिवस धरून साधारण तीन आठवड्यांचा हिशोब करावा. अशा वेळी करंजी वगळावी, शंकरपाळी उत्पादनाची तारीख अगदी अलीकडची असलेल्या पाकिटातली घ्यावी, आणि चकली सुटी चाखून, तळण त्याच दिवशीचे असल्याची खात्री करून, पूर्ण गार झाल्यावरच दुकानातून हवाबंद करून घ्यावी.