आठ महिने एआय इमेज टूल वापरल्यावर: ‘साहेबांसोबतचा फोटो’ का निघत नाही

गेल्या गणपतीत हे टूल घेतलं. महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं फ्लेक्सचं दुकान आहे, चौरस फुटाला दहा रुपये दराने छापून देतो. त्यामुळे दोन हजार म्हणजे किती फूट फ्लेक्स, हा हिशोब माझ्या डोक्यात कायम चालू असतो. चित्राचा दर्जा, वेग, साईज यावर भरपूर लिहून आलंय, ते परत लिहीत नाही. देवीच्या मागचा देखावा, उसाचं शेत, बैलजोडी, लग्नाच्या बॅनरची महिरप, ही कामं ते चोख करतं. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, प्रसिद्ध माणसांची चित्रं नाकारण्याबद्दल. आठ महिन्यांत माझी सगळी चिडचिड तिच्यावरच झाली आणि मत बदललं तेही तिच्याचमुळे.

नोव्हेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुकीचा हंगाम होता. रात्री साडेनऊला एक उमेदवार आला, सोबत चार पोरं. दहा बाय पंधराचा फ्लेक्स सकाळी सहाला चौकात लागला पाहिजे. मजकूर तयार होता, पक्षाकडून आलेली नेत्यांची पीएनजीही होती. पण त्याला वरच्या ओळीतले कटआऊट नको होते. "दादा, साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवलाय असा फोटो बनवून द्या. आता एआयवर होतंय ना सगळं." मी हो म्हणालो. नाव घालून लिहिलं, दोन सेकंदांत नकार आला. नाव काढलं आणि पद, पोशाख, चष्मा असं वर्णन लिहिलं. चित्र आलं, पण माणूस भलताच. मग साहेबांचा आणि त्याचा असे दोन्ही फोटो चढवले. चाळीस सेकंद चक्र फिरलं, चित्र अर्धं दिसलं आणि गायब झालं. खाली एक ओळ आली, ही विनंती आमच्या धोरणात बसत नाही. चित्रामागे वजा होणारं क्रेडिट मात्र कापलं. असे अकरा प्रयत्न केले, त्यातल्या सातांचे क्रेडिट गेले. रात्री बाराला तो माणूस शेजारच्या गावातल्या दुकानात निघून गेला. दीड हजाराची ऑर्डर आणि वर क्रेडिट. त्याच रात्री मी एक तारा द्यायला बसलो होतो.

तेव्हा दिला नाही, कारण आधी कंपनीला मेल केली. उत्तर अकरा दिवसांनी आलं, तेही ठरावीक साच्याचं, इंग्रजीत. मी परत लिहिलं की नकार द्यायचा तर द्या, पण पैसे घेऊन का देता? तिसऱ्या मेलनंतर सात क्रेडिट परत आले. पण या भांडणाच्या नादात मी प्रत्येक नकार वहीत लिहायला लागलो आणि त्यातून एक गोष्ट कळली. नकार एका जागेवरून येत नाही.

झटकन येणारा नकार शब्दांवरचा असतो. चित्र काढायला सुरुवात व्हायच्या आधीच मजकूर तपासला जातो आणि त्यात ओळखीचं नाव सापडलं की दार बंद. दुसऱ्या प्रकारात नकार येतच नाही, पण माणूस वेगळा निघतो. तिथे आपला मजकूर आत जाण्याआधी बदलला जातो. नाव जाऊन ‘पांढऱ्या कपड्यातले वयस्कर भारतीय पुढारी’ असं काहीतरी उरतं. हा नुसता माझा तर्क नाही. डॅल-ई ३ हे ओपनएआयचं चित्रं काढणारं टूल निघालं २०२३ मध्ये, कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की प्रसिद्ध माणसाचं नाव घेऊन मागितलेलं चित्र नाकारलं जाईल, आणि मजकूर फिरवून लिहिण्याची सोयही त्यात होती. तिसरा नकार उशिरा येतो. चित्र तयार होतं, मग तपासणारी वेगळी यंत्रणा ते बघते आणि अडवते. संगणकाची मेहनत झालेली असते, म्हणून क्रेडिट कापतात. वहीत नोंदलेले क्रेडिट कापलेले सगळे नकार या तिसऱ्या प्रकारचे होते.

म्हणजे टूलला चेहरा येत नाही असं नाही. येतो, म्हणूनच दारावर राखण बसवावी लागते.

इथपर्यंत मी डिसेंबरात लिहून ठेवलं होतं आणि सूर अगदी वेगळा होता. ‘आम्ही बॅनरवाले रोज नेत्यांचे फोटो लावतो, तुमचं काय जातं?’ असं वाक्यही होतं. ते काढलं. का, ते सांगतो.

तो उमेदवार ज्या दुकानात गेला, तिथे फोटो बनला. कोणत्या टूलवर, ते माहीत नाही. सकाळी चौकात फ्लेक्स लागला. मी चहा घ्यायला गेलो आणि बघत उभा राहिलो. साहेबांचा हात खांद्यावर, दोघं हसतायत, मागे सभेची गर्दी. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "हे कधी आले होते? आपल्याला पत्ताच नाही." साहेब आलेच नव्हते. कटआऊट बघून हा प्रश्न आजोबांनी कधीच विचारला नसता. वर ओळीत लावलेली डोकी ही मांडणी आहे, ती चिकटवलेली आहेत हे शाळकरी पोरालाही दिसतं. खांद्यावरचा हात ही साक्ष आहे. अमुक माणूस अमुक ठिकाणी होता, त्याने याला जवळ घेतलं, असं ते चित्र सांगत होतं. आणि फ्लेक्सवर सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर मोबाइलवर फिरते. तिथे तो फ्लेक्स राहत नाही, नुसता फोटो उरतो.

नियम नेमका कशासाठी आहे, ते मला त्या चौकात कळलं. आपण म्हणतो, खाली ‘एआय’ लिहिलं की झालं. ते पुरत नाही, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्च २०२३ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना अटक होणार अशी चर्चा होती. एलियट हिगिन्स नावाच्या शोधपत्रकाराने मिडजर्नी या एआय इमेज टूलवर त्यांच्या अटकेची चित्रं काढली. पोलीस धरतायत, ते पळतायत, अशी. आपण ही टूलवर काढतोय हे त्याने लपवलं नव्हतं. तरी चित्रं लाखो लोकांपर्यंत गेली आणि पुढे पाठवताना तो खुलासा गळून पडला. ट्रम्प प्रत्यक्षात कोर्टात हजर झाले ४ एप्रिलला. म्हणजे घडण्याच्या आधीच घटनेचे ‘फोटो’ फिरत होते. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर मिडजर्नीने ट्रम्प आणि बायडेन या दोघांची चित्रं बंद केली. काढणाऱ्याचा हेतू आणि बघणाऱ्याला पोचणारी गोष्ट यांची फारकत होते. टूलला हेतू तपासता येत नाही, म्हणून ते दारातच अडवतं.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त बोचतं. २८ मे २०२३ ला दिल्लीत आंदोलक कुस्तीगीरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. गाडीत बसलेल्या विनेश आणि संगीता फोगट यांचा फोटो आला, त्यात चेहरे गंभीर होते. थोड्याच वेळात तोच फोटो फिरायला लागला, पण हसऱ्या चेहऱ्यांचा. बाकी काहीच बदललं नव्हतं, फक्त चेहऱ्यांवर हसू आणलं होतं. एवढ्याने सगळ्या आंदोलनाचा अर्थ फिरवता आला, म्हणे बघा, यांना मजा वाटतेय. आमचा भाग तालमींचा आहे, माझा पुतण्या आखाड्यात जातो. तो हसरा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता आणि दोन जणांनी खरा मानला होता. म्हणून चढवलेल्या फोटोवर टूल जास्त कडक असतं, त्याचं आता मला नवल वाटत नाही. कोऱ्यावरून काढलेल्या चित्रात चूक दिसू शकते. खऱ्या फोटोत एवढासाच बदल केला, तर बाकीचा खरेपणा त्या खोट्याला आधार देतो.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग ॲपची शिफारस करणारा बनावट व्हिडिओ फिरला. हा खोटा आहे, असं त्यांना स्वतःला सांगावं लागलं. माझ्याकडे याच्यापेक्षा साधी मागणी येते. ज्वेलर्सवाला म्हणतो, अमुक नटीच्या गळ्यात आपला हार दाखवा. पूर्वी मी हे फोटोशॉपमध्ये केलंय, हे कबूल करतो. आता करत नाही.

मात्र सगळं पटलंय असंही नाही. फेब्रुवारीत निवृत्त होणाऱ्या एका गुरुजींचा सत्कार होता. मी लिहिलं, अमुक सर वर्गात फळ्यापाशी शिकवताना, मागे कौलारू शाळा. नकार. पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की गुरुजींचं नाव आणि आडनाव एका माजी मंत्र्यासारखंच आहे. आपल्याकडे अशी नावं प्रत्येक गल्लीत सापडतात, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. उपाय सोपा आहे. नाव चित्रात घालायचंच नाही, नंतर कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करायचं. तसंही टूलची देवनागरी अजून मोडकी येते, काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे.

उलट्या बाजूची चूक मला जास्त गंभीर वाटते. आमच्या सरपंचांचं नाव घातलं तर नकार येत नाही. टूलला ते माहीतच नाहीत, म्हणून कुणी अनोळखी माणूस काढून देतं. इथवर ठीक. पण त्यांचा फोटो चढवून ‘पाकीट घेताना दाखव’ असं कुणी सांगितलं, तर ओळखीच्या नावांच्या यादीवर चालणारी राखण तिथे काय करणार? मी हे करून बघितलेलं नाही, बघणारही नाही. खोट्या फोटोने दिल्लीतल्या नेत्याचं जेवढं बिघडेल, त्याच्या कितीतरी पट गावातल्या माणसाचं बिघडतं. त्याच्याकडे खुलासा करायला ना वाहिनी, ना वकील.

नियम सगळीकडे एकसारखाही नाही. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने स्वतःचा नियम सैल केला. प्रौढ प्रसिद्ध व्यक्तींची चित्रं निघू द्यायची आणि ज्याला नको असेल त्याने कळवायचं, असं ठरवलं. व्यंगचित्रापुरतं मला ते पटतं. नाक मोठं केलेल्या पुढाऱ्याचं रेखाचित्र कुणी खरा फोटो समजत नाही आणि माझ्या टूलने तेही अडवावं हे चूक आहे. पण गेलेल्या माणसांचं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वारसांनी तक्रार केल्यावर त्याच कंपनीला व्हिडिओच्या टूलमध्ये त्यांचं चित्रण थांबवावं लागलं. या १४ एप्रिलला माझ्याकडे बाबासाहेबांचे अठरा फ्लेक्स होते. अठराही जुन्या खऱ्या फोटोंवरून केले. टूलकडून घेतली ती फक्त मागची निळी झालर आणि दिव्यांची आरास.

आता कुणी ‘साहेबांसोबतचा फोटो’ मागायला आला, तर मी आधी विचारतो, भेट झाली होती का? झाली असेल तर मोबाइलमधला खरा फोटो आण, अंधुक असला तरी स्वच्छ करून देतो. झाली नसेल तर कटआऊट. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली.

तारे तीन. एक कापला तो नकाराचं कारण धड न सांगितल्याबद्दल, दुसरा उशिराच्या नकाराचे पैसे घेतल्याबद्दल. रिन्यूअल जवळ आलंय. क्रेडिटचा नियम बदलेपर्यंत वार्षिक प्लॅन घेणार नाही, महिन्याचाच भरीन.