कॅम्पायलोबॅक्टरसाठी जार: मेणबत्ती, पाऊच की सिलिंडर?

शौचाच्या नमुन्यातून कॅम्पायलोबॅक्टर वाढवायचा असं ठरलं की मीडियम कोणतं आणि इन्क्युबेटर किती अंशांवर, हे प्रश्न पटकन सुटतात. अडतं ते जारमधल्या हवेपाशी. पुस्तकात ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, ८५ टक्के नायट्रोजन असं लिहिलेलं असतं. ती हवा तयार करायचे तीन मार्ग लहान लॅबच्या आवाक्यात आहेत: मेणबत्तीचा जार, गॅस तयार करणारे पाऊच, आणि पंपाने हवा काढून सिलिंडरमधून गॅस भरणं. तिन्ही वापरून झाल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे. तुमच्याकडे नमुने कसे येतात यावर तुमचं उत्तर वेगळं निघू शकतं.

आधी त्या ५ टक्क्यांबद्दल, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीला ऑक्सिजन लागतोच. तो साखर आंबवून जगत नाही. सेरीन, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट अशी अमिनो आम्लं वापरतो आणि श्वसनावर चालतो. शिवाय डीएनएचे घटक बनवणारं त्याचं एन्झाइमही ऑक्सिजनवर अवलंबून आहे, म्हणून पूर्ण अ‍ॅनएरोबिक जारमध्ये तो वाढत नाही. दुसऱ्या बाजूला, ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतली त्याची काही महत्त्वाची लोह-गंधकयुक्त एन्झाइम साध्या हवेतल्या २१ टक्के ऑक्सिजनने निकामी होतात. म्हणजे खालीही धोका, वरही धोका. साधारण ३ ते १० टक्क्यांच्या पट्ट्यात तो खूश असतो.

हा पट्टा कुठून आला हे कोंबडीच्या आतड्यात पाहिलं की कळतं. तिथे तापमान ४१-४२ अंश आणि ऑक्सिजन कमी. कोंबडीला तो आजारी पाडत नाही, पण तिच्या सीकममध्ये एका ग्रॅममागे लाखो-कोट्यवधींनी असतो. कोंबडी कापताना, पिसं काढायच्या ड्रममध्ये फिरताना आतड्यातलं पाणी कातडीवर पसरतं. ३० अंशांखाली तो वाढत नाही, त्यामुळे ओट्यावर पडलेल्या चिकनमध्ये साल्मोनेलासारखी त्याची संख्या फुगत नाही. फुगायची गरजही नसते, कारण १९८१ साली एका संशोधकाने दुधातून तो स्वतः पिऊन केलेल्या प्रयोगात सुमारे ५०० जिवाणू आजार व्हायला पुरेसे ठरले होते. कच्चं चिकन नळाखाली धुताना उडालेले शिंतोडे, त्याच पाटावर चिरलेली कोशिंबीर, न तापवलेलं दूध, क्लोरीन न झालेलं पाणी, एवढ्यावर काम होतं. नीट शिजवलं की तो मरतो. त्रास शिजवण्याआधीच्या हातांचा आणि सुरीचा असतो. जगभर जिवाणूजन्य गॅस्ट्रोच्या कारणांत तो वरच्या जागी आहे तो यामुळेच. आपल्याकडे लहान मुलांत तो जास्त सापडतो, कधीकधी जुलाब नसलेल्या मुलांतही, म्हणून रिपोर्ट लिहिताना तो एकटा आहे की सोबत दुसरं काही, हे पाहावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे अशा संसर्गानंतर येऊ शकणाऱ्या लकव्याचे, रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत जेजुनी सापडला होता. त्यानंतर हे कल्चर सुरू करता येईल का, अशी विचारणा होऊ लागली तर नवल नाही.

आता मार्ग.

मेणबत्तीचा जार स्वस्त आहे आणि बहुतेकांकडे आधीच आहे. मात्र ज्योत ऑक्सिजन संपवून विझत नाही. ती विझते तेव्हा जारमध्ये अजून १६-१७ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असतो. ४२ अंशांवर, मीडियममध्ये फेरस सल्फेट, सोडियम मेटाबायसल्फाइट आणि सोडियम पायरुव्हेट घातलं तर बरेच स्ट्रेन उगवतात, कारण ही त्रयी मीडियममधले पेरॉक्साइड आणि ऑक्सिजनचे इतर उपद्रवी अवतार मारते. पण नमुन्यात जिवाणू कमी असले, किंवा स्ट्रेन नाजूक निघाला, तर प्लेट कोरी राहते आणि ती खरोखर निगेटिव्ह आहे की हवा चुकली, हे सांगता येत नाही. शिकवण्यापुरता ठीक. रुग्णाच्या रिपोर्टसाठी मी हा मार्ग धरणार नाही.

पाऊच हा सरळ मार्ग आहे. आताचे पाऊच बहुतेक अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे असतात: हवेशी संबंध आला की ते ऑक्सिजन ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी नको, कॅटॅलिस्ट नको, हायड्रोजन नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या. जारचं माप आणि पाऊचचं माप जुळलं पाहिजे. अडीच लिटरचा पाऊच साडेतीन लिटरच्या जारमध्ये टाकला तर ऑक्सिजन वर राहतो. आणि पाकीट फाडल्यापासून जार बंद होईपर्यंत मिनिटभराच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पाऊच बाहेरच्या हवेवरच खर्च होतो. प्लेट आधी भरून, झाकण हाताशी ठेवून, मगच पाकीट फाडायचं.

मग अडचण कुठे? अडचण झाकणात आहे. पाऊच एकदाच चालतो. सकाळी अकराला दोन प्लेट घालून जार बंद केला आणि दुपारी तीनला बालरोग वॉर्डातून रक्त पडणाऱ्या जुलाबाचा नमुना आला, तर तीन वाटा उरतात: जार उघडून नवा पाऊच टाका, एका प्लेटसाठी दुसरा जार आणि दुसरा पाऊच लावा, किंवा प्लेट उद्यापर्यंत बाकावर ठेवा. पहिल्या दोन वाटांनी पाऊच संपतात. तिसरी वाट सगळ्यांत वाईट, आणि प्रत्यक्षात तीच घेतली जाते. प्लेट बाकावर उघड्या हवेत, ट्यूबलाइटखाली पडली की मीडियममध्ये पेरॉक्साइड साठत जातं आणि जिवाणू उगवण्याआधीच मरतो. रक्त किंवा कोळसा घातलेलं मीडियम थोडी मुभा देतं, रात्रभराची नाही. नमुना कॅरी-ब्लेअरमध्ये फ्रिजात ठेवला तर प्लेटपेक्षा बरा टिकतो, पण तेवढं लक्षात ठेवून कुणी करेलच असं नाही. ४८ तास जार न उघडण्याचा नियम कागदावर चांगला दिसतो. नमुने मात्र एकेक करून, दिवसभर येतात. माझ्यासाठी तराजू याच एका गोष्टीने हलला.

सिलिंडरच्या पद्धतीत जार पुन्हा उघडायला काही मिनिटं आणि थोडा गॅस लागतो, बस. व्हॅक्यूम गेज आणि दोन तोट्या असलेला जार, रोटरी पंप, पंपाच्या नळीत जिवाणू अडवणारा फिल्टर आणि रेग्युलेटरसह सिलिंडर एवढं साहित्य लागतं. सिलिंडर मागवताना लोक हमखास ५-१०-८५ चं तयार मिश्रण मागवतात. तसं करू नका. त्या मिश्रणात ऑक्सिजन आधीच आहे, त्यामुळे अर्धी हवा काढून भरली तरी दर वेळी जास्तीचा ऑक्सिजन फक्त निम्मा होतो: २१ वरून १३, मग ९, मग ७. १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९० टक्के नायट्रोजन असं ऑक्सिजन नसलेलं मिश्रण घ्या, आणि जारमध्ये उरलेल्या हवेलाच ५ टक्के पुरवू द्या.

हिशेब असा. मुंबईत हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर. गेज उणे ३८० वर येईपर्यंत पंप चालवला की अर्धी हवा गेली. गॅस भरून काटा शून्यावर आणला की ऑक्सिजन १०.५ टक्के. पुन्हा तेच केलं की ५.२५. कार्बन डायऑक्साइड पहिल्या फेरीला ५ आणि दुसऱ्या फेरीला ७.५ टक्के होतो, तेवढा पुरतो. दोन फेऱ्या, काम झालं.

पुण्यात हाच आकडा डोळे मिटून वापरू नका. तिथे दाब ७१० च्या आसपास असतो आणि गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचतं. उणे ३८० वर नेलं तर जारमध्ये निम्म्याहून कमी हवा उरते आणि शेवटी ऑक्सिजन साडेचार टक्के होतो. तेवढं चालतं, पण महाबळेश्वरच्या उंचीवर तोच आकडा साडेतीनपर्यंत खाली नेतो. आपल्या गावचा दाब हवामान खात्याकडून घ्या, पण समुद्रसपाटीला जुळवलेला नको, तिथला प्रत्यक्ष दाबच घ्या. त्याचा निम्मा आकडा गेजवर मार्करने खूण करून ठेवा.

इथे चुका तीन ठिकाणी होतात. पहिली गळती: पहिल्या फेरीला हवा काढल्यावर तोटी बंद करून तीन मिनिटं काट्याकडे बघा. तो शून्याकडे सरकला तर ओ-रिंग काढून पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. तरीही सरकला तर रिंग बदला. दुसरी, जार स्वतः: पॉलीकार्बोनेटला बारीक तडा गेला असेल तर व्हॅक्यूमखाली तो आत कोसळू शकतो, म्हणून दर वेळी उजेडात धरून पाहा.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी. तोच जार अ‍ॅनएरोबिक कामालाही वापरात असेल आणि झाकणात पॅलेडियमचं कॅटॅलिस्ट राहिलं असेल, तर १० टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण वापरू नका. दोन फेऱ्यांनंतर जारमध्ये ७.५ टक्के हायड्रोजन असतो, तो पावणेचार टक्के ऑक्सिजन पाणी करून टाकतो आणि दीड टक्का उरतो. प्लेट कोरी निघते आणि आपण नमुन्याला दोष देतो. कॅटॅलिस्ट काढा, किंवा हायड्रोजन नसलेलाच गॅस घ्या. अ‍ॅनएरोबिक जारची रेझाझुरिनची पट्टी इथे उलट वाचायची: ती रंगीत राहायला हवी. पांढरी पडली तर ऑक्सिजन गरजेपेक्षा खाली गेला आहे.

पद्धत कोणतीही असो, प्रत्येक जारमध्ये माहीत असलेल्या जेजुनीची एक प्लेट ठेवा. ४२ अंशांवर ४८ तासांनी ती उगवली नसेल, तर त्या जारमधला एकही निगेटिव्ह रिपोर्ट पाठवू नका. उगवलेली कॉलनी करडी, चपटी, ओलसर, रेघेच्या दिशेने पाण्याच्या ओघळासारखी पसरलेली असते. ग्रॅम करताना सॅफ्रॅनिन फिकं बसतं. पातळ कार्बोल फुक्सिन वापरलं की उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखे आकार स्पष्ट दिसतात. ऑक्सिडेज आणि सबकल्चर त्याच दिवशी करा. प्लेट बाहेर राहिली की जिवाणू गोल होतात आणि दुसऱ्या दिवशी हाताला काही लागत नाही.

महिन्याला दोन-चारच नमुने येत असतील, किंवा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायला जागा नसेल, तर पाऊच घ्यावेत. एका-दोन प्लेटच्या लहान बंद पिशव्यांसाठीचे मिळाले तर आणखी बरं, कारण तिथे जार उघडायचा प्रश्न येत नाही. रोज एक-दोन नमुने, तेही वेगवेगळ्या वेळी येत असतील, तर मी सिलिंडर घेईन आणि पाऊचचं एक पाकीट कपाटात ठेवीन, पंप बंद पडेल त्या दिवसासाठी.