पुढच्या दाताचा टवका उडालाय: व्हेनिअर की बाँडिंग?

गर्दीच्या लोकलमध्ये पाणी पिताना धक्का बसला आणि स्टीलच्या बाटलीने वरच्या पुढच्या दाताचा दोन मिलिमीटरचा कोपरा उडाला. वय 26, दोन महिन्यांवर लग्न. दादरच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या या मुलीला दुसरीकडे सहा व्हेनिअर, दातांवर पुढून चिकटवायची पातळ कवचं, सुचवली होती, म्हणजे सगळे दात एकसारखे दिसतील. मी तिला आधी एनॅमलबद्दल, दाताच्या बाहेरच्या कडक थराबद्दल सांगितलं.

पुढच्या दातावर एनॅमलचा थर कडेला साधारण एक मिलिमीटर असतो, हिरडीजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. पॉर्सेलिनचं व्हेनिअर बसवायला बहुतेकदा 0.3 ते 0.7 मिलिमीटर तासावं लागतं. म्हणजे हिरडीकडे खालचं डेंटिन उघडं पडू शकतं. तिथे चिकटण कच्ची राहते, गार पाण्याने ठणका लागतो, आणि तासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. बाँडिंगमध्ये तुटलेली कड थोडी गुळगुळीत करून आम्लाचं जेल लावतात, मग दाताच्या रंगाच्या रेझिनचे, म्हणजे कॉम्पोझिटचे थर निळ्या प्रकाशात कडक करतात. बहुधा भूलही लागत नाही.

टिकण्यात मात्र व्हेनिअर पुढे. ते नीट बसवलं तर दहा-पंधरा वर्षं जातं आणि चहा-हळदीचा डाग धरत नाही. कॉम्पोझिट पाच-सात वर्षांत निस्तेज होतं. जोडाजवळ तपकिरी रेघ दिसली किंवा जिभेला खडबडीत लागलं, तर वेळ झाली समजा. पण ते त्याच जागी पॉलिश करता येतं, भर घालता येते. व्हेनिअरला तडा गेला तर नवीनच करायचं.

मुंबईत बाँडिंगला एका दाताचे साधारण तीन ते सहा हजार पडतात, पॉर्सेलिन व्हेनिअरला बारा ते पंचवीस हजार. परिसरानुसार आकडा हलतो. तिच्या बाबतीत चार हजार विरुद्ध सहा गुणिले पंधरा, म्हणजे नव्वद हजार. शिवाय पाच धडधाकट दात फुकट तासले गेले असते!

तिला दात उजळूनही हवे होते. मग ते आधी, कारण कॉम्पोझिट नंतर उजळत नाही. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबलो, नाहीतर चिकटण कमजोर होते. बाँडिंगच्या दिवशी आम्ल न लावता नुसतं कॉम्पोझिट ठेवून आरशात आकार दाखवला. तिला आवडला, तेव्हाच पक्कं केलं.

जन्मतःच बारीक राहिलेल्या बाजूच्या दातावरही मी आधी बाँडिंगच करते. नस मेल्याने काळवंडलेला किंवा जुन्या भरणांनी पोखरलेला दात असेल, तर व्हेनिअरचा विचार करते. झोपेत दात खाणाऱ्यांनी दोन्हींसोबत रात्रीचा गार्ड लावावा. या मुलीचा जबडा सकाळी आखडलेला असायचा, म्हणून तिच्यासाठीही गार्ड बनवला.