सात महिने वापरल्यावर: बिलाची तारीख तपासणारं सॉफ्टवेअर, आणि माझी एक काटकसर

बिलाचा फोटो टाकला की नंबर, तारीख, रक्कम उचलणारं सॉफ्टवेअर आहे, ते काय काय करतं ते परत लिहीत बसत नाही. मी फक्त तारखेबद्दल लिहिणार आहे, कारण सात महिन्यांत माझं डोकं फिरवलं ते तारखेनेच. आणि आधीच सांगतो, मार्चपर्यंत याच तारीख-तपासणीला मी शिव्या घालत होतो. आता शिव्या घालतोय त्या वेगळ्याच कारणासाठी.

सुरुवातीचा राग असा. आमच्याकडे माल पहाटे चारला उतरतो, बिल त्याच तारखेचं, मी तिथेच उभा राहून फोटो काढतो. आणि हे लाल पट्टी दाखवतं, `Date in future`. अरे बाबा, आजचंच बिल आहे! कस्टमर केअरला फोन केला तर मोबाईलचं घड्याळ तपासा म्हणे. तीन वेळा तेच उत्तर. शेवटी चौथ्या वेळी एका बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सर्व्हर यूटीसी वेळेने, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतो, तुमच्याकडे तारीख बदलली तरी तिकडे अजून कालचाच दिवस चालू असतो. म्हणून दुपारी टाकलेली बिलं मुकाट जायची आणि पहाटेचीच अडकायची. सेटिंगमध्ये टाइमझोन बदलला, एक दिवसाची सूट दिली, विषय संपला. पण हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं की नाही?

जुन्या तारखांचा त्रास मात्र कधी झाला नाही, तिथे काम चोख आहे. मी मर्यादा दोन वर्षांची ठेवलीय. मध्यंतरी एक बिल 01/01/1970 तारखेचं म्हणून अडकलं, मला वाटलं फोटो खराब आला असेल, तर कळलं की तारीख वाचताच आली नव्हती आणि रिकाम्या जागी शून्य धरलं गेलं, आणि कॉम्प्युटरच्या मोजणीत शून्य म्हणजे 1 जानेवारी 1970. तेव्हा असली तारीख दिसली तर बिल जुनं आहे असं समजू नका, तारीख वाचलीच गेलेली नाही असं समजा.

आता मूळ दुखणं.

सप्लायरच्या स्टेटमेंटच्या, म्हणजे त्याच्याकडच्या बिलांच्या यादीच्या, काळाबाहेरची तारीख हे घेत नाही. एप्रिलचं स्टेटमेंट असेल तर 1 ते 30 एप्रिल, बाकी सगळं लाल. मार्चपर्यंत मी दर महिन्याचं स्टेटमेंट वेगळं चढवायचो. पण आमच्या प्लॅनमध्ये पैसे स्टेटमेंटच्या संख्येवर लागतात, म्हणून मी म्हटलं कशाला तीनदा भरायचे, एप्रिल-मे-जून एकत्रच चढवू. 3 जुलैला सगळी बिलं आणि तिमाहीचं एकच स्टेटमेंट टाकलं. सगळीकडे हिरवी टिक, बेरीज पैशापैशाला जुळली. मी खूश.

जुलैच्या मध्याला एका सप्लायरचा फोन, 6 मेच्या बिलाचे पैसे कुठायत, 60 दिवस 5 जुलैलाच संपले. मी बघतो तर सॉफ्टवेअरमध्ये त्या तारखेचं बिलच नाही. नंबरावरून शोधलं तेव्हा सापडलं, 5 जून म्हणून, मुदत 4 ऑगस्ट. मग त्याचंच दुसरं एक बिल 5 एप्रिलचं दिसलं. कागदावर होतं 04/05, म्हणजे 4 मे. त्याची मुदत 4 जूनला संपली असं दाखवत होतं म्हणून मी ते घाबरून लगेच भरून टाकलं होतं.

म्हणजे दिवस आणि महिना उलटे वाचले गेले. त्याच सप्लायरचं 17/05 मात्र बरोबर वाचलं होतं. का, तर सॉफ्टवेअर पहिला आकडा महिना धरून बघतं, सतरावा महिना नसतोच, मग मुकाट्याने उलटं करून घेतं. 06/05 ला अडायचं काही कारणच नाही, दोन्ही बाजूंनी खरी तारीख. वर्षात अशा 132 तारखा आहेत, बारा दिवस गुणिले बारा महिने, त्यातून 1/1, 2/2 अशा बारा वजा.

मग प्रश्न पडला की आधीचे महिने हे का झालं नाही. तर होत होतं, पण पकडलं जात होतं! एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये उलटी तारीख आत शिरूच शकत नाही, कारण दिवसाचा आकडा महिना बनतो आणि तो एप्रिल व्हायचा तर दिवस 4 च हवा, आणि 4/4 उलटं केलं तरी 4/4 च. म्हणजे ज्या लाल पट्ट्यांना मी कटकट म्हणत होतो, त्यातल्या निम्म्या तरी याच असणार. तीन महिने एकत्र केले की भोक पडतं. तिमाहीत अशा सहाच तारखा आहेत, एप्रिलची 5 आणि 6, मेची 4 आणि 6, जूनची 4 आणि 5. त्यातल्या दोन नेमक्या माझ्या नशिबी. आणि दोन्ही तिमाहीच्या आतच राहिल्या म्हणून बेरीजही जुळली.

वर अजून एक, मी बिलं साठवून जुलैत टाकली तिथेही गाढवपणा झाला. 6 मेचं बिल मी 7 मेला टाकलं असतं तर 5 जून ही तारीख भविष्यातली म्हणून तिथेच लाल झाली असती. ती तपासणी मी स्वतःच्या हाताने बंद केल्यासारखीच.

आता तुम्ही म्हणाल चूक तुझी. अर्धी माझी, कबूल. पण अर्धी त्यांची, आणि ती ही: स्क्रीनवर फक्त `05 Jun` दिसतं, कागदावर काय छापलंय ते शेजारी दिसत नाही. `06/05` एवढी पाच अक्षरं बाजूला दाखवली असती तर मी त्याच क्षणी ओळखलं असतं. दरवेळी फोटो उघडून बघायचा, तर मग सॉफ्टवेअर कशाला घेतलं, वही काय वाईट होती? मी हे तीनदा कळवलंय. दरवेळी सुचवल्याबद्दल धन्यवाद असा मेल येतो.

दुसरं म्हणजे हिरवं नाहीतर लाल, मधलं काही नाही. 29 मार्चचं बिल सप्लायरने 2 एप्रिलला नोंदवलं तर ते एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये येतं, चूक कुणाचीच नाही, पण इथे लाल. म्हणून मी मागे एक महिन्याची सूट देऊन बघितली, तर लगेच लक्षात आलं की आता 3 एप्रिलचं बिल 4 मार्च म्हणून आरामात हिरवं होणार. सूट काढून टाकली. अशी बिलं पिवळी करून बाजूला ठेवा ना, मी बघून हो म्हणतो.

एक गोष्ट उशिरा सापडली, सप्लायरच्या पानावर खाली तारखेची पद्धत ठरवता येते, `DD/MM/YYYY` निवडलं की त्याच्या बिलांना अंदाज बांधत नाही. कुठल्याही व्हिडिओत हे सांगितलेलं नाही. एक रविवार घालवून मी सगळ्या सप्लायरना लावलं, आधी प्रत्येकाचं 12 च्या पुढच्या दिवसाचं एखादं बिल काढून पद्धत खात्रीने बघून. दोघं महिना आधी लिहिणारे निघाले, म्हणजे सगळ्यांना एकच लावलं असतं तर परत बोंब.

साडेतीन स्टार. जुलैपासून परत महिन्याचं स्टेटमेंट, तिप्पट पैसे भरून. त्या सप्लायरला उशिराचे जे जादा द्यावे लागले त्यात पाच महिने निघाले असते.