पीएफचा हिशोब मागणारं पत्र: दोन ओळींचं की महिनावार तक्त्याचं?

पासबुकातला पीएफ आणि पगाराच्या स्लिपवरची कपात जुळत नाही, हे एकदा लक्षात आलं की अकाउंट्सला पत्र लिहावं लागतं. ते दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे सरळ: ‘माझ्या पीएफ खात्यातली रक्कम व पगारपत्रकातील कपात यात तफावत दिसते, कृपया ताळमेळ करून द्यावा.’ दुसरं म्हणजे आपणच स्लिपा आणि पासबुक शेजारी ठेवून महिनावार तक्ता करायचा आणि ज्या महिन्यात गडबड आहे तेवढ्याच महिन्याबद्दल विचारायचं. मी दोन्ही लिहून पाहिली आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण पहिल्या प्रकाराची बाजूही खरी आहे.

छोटं पत्र पटकन लिहून होतं आणि ते वाचणाऱ्याच्या अंगावर येत नाही. छोट्या कंपनीत अकाउंट्सला एकच माणूस असतो, तोच पगार काढतो आणि चलनही भरतो. त्याला तक्ता पाठवला तर आपल्यावर अविश्वास दाखवला असं त्याला वाटू शकतं. ज्यांचा पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, त्यांना तर तक्त्याची फारशी गरजही नाही. दरमहा कपात 1,800, पासबुकात मालकाच्या हिश्शाचे 550 आणि पेन्शनचे 1,250, वर्षभर तेच आकडे. त्यात एखादा महिना गायब असेल तर तो नुसत्या नजरेला दिसतो, आणि ‘ऑगस्टची वर्गणी दिसत नाही’ एवढं लिहिलं तरी काम होतं.

गंमत सुरू होते ती पूर्ण बेसिकवर पीएफ कापला जातो तिथे. वर्षभरात पगार बदलतो, बिनपगारी रजा येते, मागच्या तारखेपासून वाढ मिळते. आकडे दर महिन्याला वेगळे, आणि वर्षाची बेरीज जुळत नाही. अशा वेळी छोट्या पत्राला जे उत्तर येतं, त्यानेच माझा निर्णय झाला.

माझ्या प्रकरणातले आकडे सोयीसाठी गोल करून मांडतो. वर्ष 2023-24. बेसिक 28,000, म्हणजे माझी कपात 12 टक्क्यांनी 3,360. जुलैपासून बेसिक 31,000 झालं, पण वाढीचा आदेश निघाला सप्टेंबरमध्ये. त्यामुळे सप्टेंबरच्या स्लिपवर त्या महिन्याचे 3,720 आणि जुलै-ऑगस्टच्या एरिअर्सवरचे 720, असे 4,440 कापले गेले. नोव्हेंबरमध्ये दोन दिवस बिनपगारी, म्हणून 3,472. एप्रिल ते मार्चच्या बारा स्लिपांची बेरीज 43,312. पासबुकात त्याच वर्षाच्या पानावर माझ्या हिश्शाची बेरीज 42,232. तफावत 1,080 रुपये.

मी छोटं पत्र दिलं. उत्तर नम्र होतं आणि मुख्य म्हणजे खरंही होतं: मार्चचा पगार एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत भरला जातो, म्हणून पासबुकाचं वर्ष मागच्या मार्चच्या पगारापासून या फेब्रुवारीच्या पगारापर्यंत चालतं, तफावत त्यामुळे आहे. पासबुक उघडलं तर नोंदीत तसंच लिहिलेलं असतं. मार्च 2023 च्या पगाराची वर्गणी `Cont. For Due-Month 042023` म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या ओळीत बसते.

पण हे कारण किती रुपयांचं? मागच्या मार्चचे 3,360 आत आले, या मार्चचे 3,720 बाहेर राहिले. फरक 360. उरलेल्या 720 बद्दल उत्तरात अक्षरही नव्हतं, आणि पत्र मात्र ‘निकाली’ झालं होतं. यात कोणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. एका एकूण आकड्याचं कारण विचारलं की उत्तर देणारा हाताशी असलेलं पहिलं बरोबर कारण देतो आणि फाइल मिटवतो. त्यानंतर पुन्हा विचारायला गेलं की ‘तुम्हाला मागेच कळवलंय’ हे ऐकावं लागतं. मला खरा वैताग याचाच आला. उत्तर चुकीचं असतं तर खोडून काढता आलं असतं. अर्धं बरोबर उत्तर खोडता येत नाही.

मग तक्ता केला. त्यात एकच पथ्य पाळावं लागतं: दोन्हीकडे पगाराचा महिना धरायचा. पासबुकात पगाराचा महिना आणि भरणा झाल्याची तारीख वेगवेगळ्या दिसतात. ओळ लावायची ती पगाराच्या महिन्यावर. म्हणजे मार्चचा घोळ आपोआप निघून जातो, कारण त्यासाठी पुढच्या वर्षाचं पानही उघडावंच लागतं. व्याजाची ओळ बेरजेत घ्यायची नाही. मालकाचा हिस्सा तपासताना 1,250 पेन्शनच्या रकान्यात जातात हे लक्षात ठेवायचं, नाहीतर ‘माझे 3,360 आणि त्यांचे 2,110 च कसे’ हा प्रश्न विनाकारण पत्रात शिरतो.

सगळे महिने लावल्यावर तक्त्यातला कामाचा भाग असा होता:

| पगाराचा महिना | स्लिपवरील कपात | पासबुकात माझा हिस्सा | तफावत |
|---|---|---|---|
| ऑगस्ट 2023 | 3,360 | 3,360 | 0 |
| सप्टेंबर 2023 | 4,440 | 3,720 | 720 |
| ऑक्टोबर 2023 | 3,720 | 3,720 | 0 |
| नोव्हेंबर 2023 | 3,472 | 3,472 | 0 |

बाकीचे महिने जुळत होते, म्हणून ते तक्त्यात ठेवले पण पत्रात त्यांचा उल्लेख केला नाही. तफावत बरोबर एरिअर्सवरच्या कपातीइतकी आहे म्हटल्यावर संशय कुठे जातो ते उघड आहे. बऱ्याच ठिकाणी पगाराच्या सॉफ्टवेअरमधून चालू महिन्याची ईसीआर, म्हणजे पीएफ वर्गणीच्या विवरणाची फाइल, निघते आणि एरिअर्सची फाइल वेगळी भरावी लागते. स्लिपवर कपात दोन्हींची होते, पण भरणा एकाच फाइलीचा होतो. शिवाय माझे 720 राहिले तर मालकाचे 720 सुद्धा राहिलेले असतात. माझं बेसिक पंधरा हजारांच्या वर असल्यामुळे पेन्शनचा वाटा 1,250 वरच अडकलेला आहे, म्हणून एरिअर्सवरचा मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच यायला हवा. म्हणजे येणं 1,080 नाही की 720 नाही, 1,440 रुपये. नुसत्या बेरजांची तुलना केली असती तर हा आकडा कधीच समोर आला नसता.

त्यावरून लिहिलेलं पत्र साधारण असं होतं:

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, लेखा विभाग
>
> विषय: सप्टेंबर 2023 मधील एरिअर्सवरील भविष्य निर्वाह निधी वर्गणीच्या भरण्याबाबत
>
> महोदय,
> सप्टेंबर 2023 च्या पगारपत्रकात माझ्या वेतनातून भविष्य निर्वाह निधीपोटी 4,440 रुपये कपात झाली आहे. त्यात जुलै व ऑगस्ट 2023 च्या एरिअर्सवरील 720 रुपये समाविष्ट आहेत. माझ्या पासबुकात सप्टेंबर 2023 या वेतन महिन्यासाठी 3,720 रुपयेच जमा दिसतात. एरिअर्सवरील माझा हिस्सा 720 रुपये व नियोक्त्याचा हिस्सा 720 रुपये यांची नोंद आजपर्यंत दिसत नाही.
>
> तरी कृपया पुढील दोन बाबी लेखी कळवाव्यात.
> 1. या एरिअर्सची ईसीआर भरली असल्यास चलनाचा टीआरआरएन क्रमांक व भरणा तारीख.
> 2. भरली नसल्यास ती केव्हापर्यंत भरली जाईल.
>
> सोबत महिनावार तक्ता, सप्टेंबर 2023 चे पगारपत्रक व पासबुकाचे संबंधित पान जोडले आहे. माझा यूएएन तक्त्यावर नमूद आहे.
>
> आपला विश्वासू,

विषयात मुद्दाम ‘ताळमेळ’ आणि ‘शिल्लक’ हे शब्द घेतले नाहीत. शिल्लक म्हणजे व्याज, जुन्या नोकरीतून आलेली रक्कम, मध्ये काढलेला ॲडव्हान्स, असं सगळं एकत्र. स्लिपांशी ती कधीच जुळणार नाही, आणि व्याज ईपीएफओ देतं, कंपनी नाही. पत्रात शिल्लक विचारली की ‘व्याजाबाबत ईपीएफओकडे चौकशी करावी’ असं एक वाक्य येतं आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. कंपनीला विचारायची ती फक्त वर्गणी. टीआरआरएन मागण्याचंही कारण आहे: ‘भरलंय’ हे तोंडी कोणीही सांगतं, टीआरआरएन क्रमांक मात्र ईसीआर भरल्याशिवाय देता येत नाही.

या पत्राला टोलवण्याजोगं उत्तर आलं नाही. एरिअर्सची फाइल भरायची राहिली होती असं कळवलं, आणि पुढे पासबुकात सप्टेंबर 2023 ची दुसरी ओळ उगवली. ही दुसरी ओळ सहज नजरेतून सुटते, कारण ती जुन्या नोंदीशेजारी नसून भरणा झाला त्या सुमारास दिसते. तेव्हा पत्र लिहिण्याआधीही एकदा पुढची पानं चाळून घ्यावीत. रक्कम उशिरा का होईना, आलेली असू शकते.

तक्त्याच्या पत्राचे तोटे नाहीत असं नाही. जुन्या स्लिपा हाताशी लागतात, आणि कंपनीचं पोर्टल बदललं असेल तर त्या मिळवण्यातच निम्मी ताकद जाते. तक्त्यात एक आकडा चुकला तर उत्तर त्या चुकीबद्दलच येतं, म्हणून पैशांचे अपूर्णांक सोडून पूर्ण रुपयातच लिहावं. एखाद्या रुपयाची तफावत राउंडिंगची असते, ती धरू नये. आणि कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ईपीएफओच्या पासबुकात या वर्गण्या दिसणार नाहीत. तिथे आधी छोटं पत्र देऊन ट्रस्टचं महिनावार विवरण मागणं हेच पहिलं पाऊल.

काही मित्र म्हणतात, हे सगळं कशाला, सरळ `epfigms.gov.in` वर तक्रार टाक. तोही मार्ग आहे, आणि कपात होऊनही कित्येक महिने काहीच जमा नसेल तर मीही तोच धरेन. पण एका महिन्याच्या एरिअर्ससाठी, चालू नोकरीत, मला तो आधी धरावासा वाटला नाही. शिवाय तक्रारीत जोडायला काय लागतं? स्लिप, पासबुकाचं पान आणि आपण आधी विचारलं होतं याचा पुरावा. तक्त्याच्या पत्राची पोच घेऊन ठेवली असेल तर हे तिन्ही कागद आधीच एकत्र असतात. छोट्या पत्राची पोच घेतली तरी तिच्यामागे फक्त 1,080 चा एक आकडा असतो, आणि त्यातले 360 तर आपले नव्हतेच.