पावसाळ्यात ऑफिसला: पीव्हीसी बूट की चामड्याचा जादा जोड?

ठाण्यात स्टेशन ते ऑफिस चालायचं असेल, तर वाटेत पाणी घोट्याच्या खाली राहतं की वर जातं, यावर निवड ठरते.

एकसंध साच्यातले पीव्हीसी फॉर्मल बूट स्वस्त. शिलाई नाही, चिकटवलेला सोल नाही, त्यामुळे उकलायला काहीच नाही. पण पाणी वरून शिरलं की आतच साठतं आणि दिवसभराच्या ओल्या मोज्यांत बोटांच्या बेचक्या कुजतात. सोलला खोल खाचा हव्यात, नाहीतर स्टेशनच्या ओल्या लाद्यांवर घसरगुंडी ठरलेली.

चामड्याचा जोड महाग, पण आठ तास पायात तोच सुसह्य. भिजला तर आतला पुठ्ठ्याचा तळ फुगतो, सोल टोकाकडून सुटू लागतो. कागदाचे बोळे बदलत, पंख्याखाली वाळायला दीड-दोन दिवस लागतात; हीटरजवळ चामडं तडकतं. म्हणून तो ऑफिसातच ठेवावा, कापडी पिशवीत (प्लास्टिकमध्ये बुरशी येते), आणि ये-जा पट्ट्यांच्या सँडलवर करावी. पाय साबणाने धुऊन, पुसून मगच मोजे.

रिक्षा दारात सोडत असेल, तर पीव्हीसी पुरे. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असेल, तर नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही. त्या दिवशी पीव्हीसीवाल्यांनीही पिशवीत कोरडा जोड आणि मोजे घ्यावेत. रोज ग्राहकांसमोर बसणाऱ्यांना चामडं-सँडलची जोडीच सोयीची.