परकीय चलनातलं येणं आणि फॉरवर्ड करार: हेज अकाउंटिंग लावायचं की नाही?

माल गेला, बीजक परकीय चलनात निघालं आणि पैसे तीन महिन्यांनी येणार आहेत. दराची जोखीम नको म्हणून बँकेकडे फॉरवर्ड करार केला, म्हणजे ते चलन पुढच्या तारखेला आजच ठरलेल्या दराने विकायचं पक्कं केलं. पुढे हिशेब ठेवणाऱ्यासमोर प्रश्न येतो: करार साध्या डेरिव्हेटिव्हसारखा दर तारखेला वाजवी मूल्यावर आणून फरक थेट नफा-तोटा खात्यात टाकायचा, की त्याला हेज, म्हणजे जोखमीवरचं संरक्षण, म्हणून औपचारिक मान्यता देऊन रोख प्रवाहाच्या हेजचे नियम लावायचे? आयएफआरएस ९ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक आणि अमेरिकेतलं एएससी ८१५ या दोन्हींखाली दोन्ही वाटा खुल्या आहेत. माझं मत असं की बीजक आधीच पुस्तकात असेल आणि मुदत काही महिन्यांचीच असेल, तर पहिली, साधी वाट पुरेशी असते. असं का म्हणतो ते आकड्यांतून दिसेल.

एका कंपनीची पुस्तकं डॉलरमध्ये आहेत असं धरू. १ नोव्हेंबरला तिने १० लाख युरोची विक्री केली, पैसे ३१ जानेवारीला येणार. त्याच दिवशी १० लाख युरो ३१ जानेवारीला विकण्याचा फॉरवर्ड करार केला. वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. एका युरोचा स्पॉट दर, म्हणजे त्या-त्या दिवशीचा बाजारभाव, १ नोव्हेंबरला १.१०० डॉलर, ३१ डिसेंबरला १.१२५ आणि ३१ जानेवारीला १.०९०. करार झाला तेव्हा ३१ जानेवारीचा फॉरवर्ड दर १.१०६ होता. ३१ डिसेंबरला त्याच ३१ जानेवारीसाठीचा दर १.१२७ आहे.

विक्रीच्या दिवशी येणं ११,००,००० डॉलरने नावे आणि विक्री तेवढ्याच रकमेने जमा. कराराची त्या दिवशी नोंद नाही, कारण तो बाजारदरावरच झाला आहे आणि त्याचं मूल्य शून्य आहे. मात्र १.१०६ आणि १.१०० यांतला ६,००० डॉलरचा फरक, म्हणजे फॉरवर्ड प्रीमियम, त्याच दिवशी पक्का झालेला असतो. पुढे दर कुठेही गेला तरी कंपनीच्या हातात ११,०६,००० डॉलरच पडणार. दोन वाटांमधला सगळा वाद हे ६,००० कोणत्या काळात किती दाखवायचे एवढ्याच गोष्टीवर आहे.

आता ३१ डिसेंबर. येणं ही चलनी बाब आहे, म्हणून ते वर्षअखेरच्या स्पॉट दराने पुन्हा मोजावं लागतं. ११,००,००० चे ११,२५,००० झाले आणि २५,००० डॉलरचा फायदा नफा-तोटा खात्यात गेला. हेज अकाउंटिंग लावा वा न लावा, ही नोंद बदलत नाही.

फॉरवर्डचं मोजमाप मात्र स्पॉट दराने होत नाही. कंपनीने १.१०६ ला युरो विकायचं कबूल केलंय आणि आज कुणी तेच ३१ जानेवारीचे युरो विकायला गेला तर त्याला १.१२७ मिळतात. म्हणजे युरोमागे ०.०२१ चा, एकूण २१,००० डॉलरचा तोटा. तो एक महिन्याने प्रत्यक्षात येणार असल्याने त्याला वटाव लावायचा. वर्षाला ४.८ टक्के, म्हणजे महिन्याला ०.४ टक्के दर धरला, तर आजचं मूल्य २०,९१६ डॉलर. तेवढ्या रकमेचं देणं ताळेबंदात उभं राहतं. ते येण्यातून वजा करून एकच आकडा दाखवायचा मोह होतो, पण येणं ग्राहकाकडून आहे आणि हे देणं बँकेला आहे. दोन्ही वेगवेगळी दाखवावी लागतात.

पहिल्या, साध्या वाटेवर एवढ्यातच काम संपतं. फॉरवर्डचा तोटा २०,९१६ नफा-तोटा खात्यात नावे, फॉरवर्ड देणं जमा. निव्वळ परिणाम ४,०८४ डॉलरचा फायदा.

दुसऱ्या वाटेवर तोच २०,९१६ चा तोटा आधी नफा-तोटा खात्याबाहेर, इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे ओसीआयमध्ये जातो. पण येण्यावरचा २५,००० चा फायदा नफा-तोटा खात्यात एकटाच पडलाय. त्याला तोलण्यासाठी ओसीआय २५,००० ने जमा करून नफा-तोटा खातं तेवढ्यानेच नावे करायचं. त्यानंतर प्रीमियम. तीन महिन्यांचे ६,००० सरळ रेषेत वाटले तर दोन महिन्यांचे ४,०००. ते ओसीआयला नावे आणि नफा-तोटा खात्यात जमा. इथे फॉरवर्डचा फक्त स्पॉट भाग हेज म्हणून धरला आणि प्रीमियम वेगळा काढून मुदतीवर वाटला असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षातही बहुधा असंच करतात. ओसीआयमध्ये उरतात अवघे ८४ डॉलर.

३१ जानेवारीला येणं १०,९०,००० वर येतं, म्हणजे ३५,००० चा तोटा. फॉरवर्डची किंमत आता सरळ आहे: १.१०६ वजा १.०९०, एकूण १६,००० डॉलरचा फायदा. गेल्या तारखेला ती उणे २०,९१६ होती, म्हणून या महिन्याची नोंद ३६,९१६ ची. बरेच जण इथे फक्त १६,००० नोंदवतात आणि मग देणं खात्यात जुनी शिल्लक लटकत राहते. दुसऱ्या वाटेवर हे ३६,९१६ ओसीआयमध्ये जमा होतात, तिथून ३५,००० नफा-तोटा खात्यात येऊन येण्याच्या तोट्याला तोलतात आणि प्रीमियमचे उरलेले २,००० बाहेर पडतात. ओसीआय शून्यावर येतं.

| तारीख | येणं | फॉरवर्ड | साधी वाट: निव्वळ नफा | हेज अकाउंटिंग: निव्वळ नफा | ओसीआय शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| ३१ डिसेंबर | +२५,००० | −२०,९१६ | ४,०८४ | ४,००० | ८४ |
| ३१ जानेवारी | −३५,००० | +३६,९१६ | १,९१६ | २,००० | ० |
| एकूण | −१०,००० | +१६,००० | ६,००० | ६,००० | |

फरक ८४ डॉलरचा, तोही एका वर्षातून दुसऱ्या वर्षात सरकलेला. एवढ्यासाठी हेज अकाउंटिंगचा खर्च काय पडतो ते पाहा. हेज सुरू होतानाच लेखी नोंद हवी: कोणतं येणं, कोणता करार, कोणती जोखीम, परिणामकारकता कशी तपासणार. मागची तारीख टाकून ती करता येत नाही. मुदतभर ते नातं टिकून आहे का हे तपासत राहावं लागतं, आणि लेखापरीक्षक सगळ्यात आधी ती पहिल्या दिवशीची नोंद मागतात. ती नसेल तर ओसीआयमध्ये टाकलेली प्रत्येक रक्कम परत नफा-तोटा खात्यात आणावी लागते.

८४ हा आकडा सुदैवाने लहान आला, असं कुणी म्हणेल. दोन चलनांच्या व्याजदरांतली तफावत मधल्या काळात मिटली तर? समजा ३१ डिसेंबरला फॉरवर्ड दर १.१२७ ऐवजी स्पॉटइतकाच, १.१२५ असता. मग फॉरवर्डचा तोटा १९,००० आणि वटावानंतर १८,९२४. साध्या वाटेवर वर्षअखेरचा निव्वळ नफा ६,०७६ आणि जानेवारीत ७६ चा तोटा झाला असता. हेज अकाउंटिंगमध्ये ४,००० आणि २,००० तसेच राहिले असते. म्हणजे फरक दोन हजारांच्या आसपास, दहा लाख युरोच्या व्यवहारावर. कारण स्पॉट दराची चढउतार दोन्ही बाजूंनी एकमेकींना खाते, फक्त उरलेल्या मुदतीचा प्रीमियम हलतो. मुदत दोन-तीन वर्षांची असेल तर हा प्रीमियम मोठा असतो आणि त्याच्या हालचालीने तिमाही निकाल खरंच डळमळतात. तिथे दुसरी वाट विचारात घ्यावी.

पण मुदतीपेक्षाही मोठं कारण वेगळं आहे: करार बीजकाच्या आधी झाला असेल तर. समजा हीच विक्री सप्टेंबरमध्येच जवळपास नक्की झाली होती आणि कंपनीने १ सप्टेंबरला १.०९५ ने ३१ जानेवारीचे १० लाख युरो विकून टाकले. ३० सप्टेंबरला तिमाही संपली तेव्हा तोच फॉरवर्ड दर १.११० वर गेलाय. वटाव धरण्याआधी १५,००० डॉलरचा तोटा. आणि त्याला तोलणारं येणं पुस्तकात अजून आलेलंच नाही. साध्या वाटेने हा पूर्ण तोटा त्या तिमाहीत एकटा उभा राहतो. जोखीम कमी करणारी कंपनी कागदावर सट्टा खेळल्यासारखी दिसते. हे अन्यायकारक आहे, आणि हेज अकाउंटिंग मुळात याच विसंगतीसाठी आहे. विक्रीची शक्यता फार दाट असेल आणि १ सप्टेंबरलाच लेखी नोंद झाली असेल, तर तोटा ओसीआयमध्ये थांबतो, विक्री नोंदवली जाते त्या दिवशी विक्रीच्या रकमेत मिसळतो, आणि तिथून पुढे वर पाहिलेलं येण्याचं गणित सुरू होतं. असे करार नियमित करणाऱ्या निर्यातदाराने दुसरी वाट घ्यावी, असं मी निःसंकोच सांगेन.

कोणतीही वाट घेतली तरी चुका बहुतेक एकाच ठिकाणी होतात: मधल्या तारखेचा फॉरवर्ड दर. ३१ डिसेंबरला बँकेच्या तक्त्यातून पुन्हा तीन महिन्यांचा दर उचलला जातो, कारण करार तीन महिन्यांचा होता. हवा असतो उरलेल्या एका महिन्याचा, त्याच पूर्तता तारखेचा. कधी स्पॉट दरच वापरला जातो. तसं केलं तर फॉरवर्डचा तोटा १.१२५ वजा १.१०६, म्हणजे १९,००० येतो आणि तोही बरोबर वाटतो, कारण अखेरीस एकूण बेरीज ६,००० च येते. म्हणून एकूण बेरीज जुळली यावर समाधान मानू नका. साध्या वाटेवर दर तारखेचा निव्वळ नफा मुदतीच्या प्रमाणात आलेल्या प्रीमियमच्या जवळपास आहे का ते पाहा. दोन महिन्यांनंतर तो ४,००० पासून फार लांब असेल, तर आधी दर तपासा, मग व्याजदर खरंच हलले का ते पाहा.

ग्राहकाने पैसे उशिरा दिले तर दोन्ही वाटा सारख्याच अडचणीत येतात. बँक ३१ जानेवारीला युरो मागणारच. कंपनीला ते बाजारातून १.०९० ने घ्यावे लागतात किंवा करार पुढे ढकलावा लागतो. जुना करार तिथे संपला, १६,००० मिटले, आणि येणं पुढे रोज स्पॉट दराबरोबर हलत राहतं, आता उघडं. करार पुढे ढकलला तर तो नवा करार समजून नव्या फॉरवर्ड दराने मोजायला घ्यायचा. हेज अकाउंटिंग चालू ठेवायचं असेल, तर असं पुढे ढकलणं पहिल्या दिवशीच्या लेखी नोंदीत आधीच लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर नव्या करारासाठी त्याच दिवशी नवी नोंद करा.